पुण्यातला लिव्ह अँड लायसन्स करार स्पॅनिशमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण किंवा हिंजवडीच्या कंपनीत स्पेनहून कोणी कामाला येतं, बाणेर-औंधला फ्लॅट घेतं आणि महिन्याभरात मूळ कार्यालयाकडून मागणी येते: घराचा करार स्पॅनिशमध्ये पाठवा. असा करार भाषांतरित करणाऱ्यांसाठी आणि तो करवून घेणाऱ्या घरमालक, एजंट व कंपन्यांसाठी ही उत्तरं आहेत.

उदाहरण म्हणून सगळीकडे एकच करार धरला आहे. बाणेरमधला दोन बेडरूमचा फ्लॅट, मुदत ११ महिने, दरमहा ३२,००० रुपये, डिपॉझिट १,२०,००० रुपये, पहिले सहा महिने लॉक-इन, त्यानंतर एक महिन्याची नोटीस, मेंटेनन्स मालकाकडे. स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. उच्चार लॅटिन अमेरिकेतले आहेत; स्पेनमध्ये यातले काही 'स' 'थ'सारखे ऐकू येतात.

स्पॅनिश भाषांतर केलं की ते कराराइतकंच ग्राह्य असतं का?

नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला इंग्रजी किंवा मराठी दस्त हाच करार. स्पॅनिश प्रत फक्त वाचण्यासाठी असते, आणि वाद झाला तर मूळ दस्त ग्राह्य धरला जाईल हे वाक्य तिच्या पहिल्याच पानावर हवं. त्या प्रतीवर मालक आणि राहणारा, दोघांच्याही सह्या घेऊ नका. सह्या झाल्या की त्याच घराचा दुसरा, बिननोंदणीचा करार केल्यासारखं दिसतं आणि दोन मजकुरांत एका शब्दाचा फरक निघाला तरी भांडणाला निमित्त मिळतं. सही भाषांतरकाराची, तीही फक्त प्रमाणपत्राखाली.

'लायसन्स'साठी स्पॅनिशमध्ये 'लिसेन्सिआ' शब्द आहेच. तोच का वापरू नये?

कारण स्पेनमधल्या माणसाला घराच्या संदर्भात 'लिसेन्सिआ' म्हटलं की नगरपालिका आठवते. बांधकामाची परवानगी, इमारत पहिल्यांदा राहण्यासाठी वापरण्याची परवानगी, दुकान चालवण्याची परवानगी, या सगळ्या 'लिसेन्सिआ'. म्हणजे सरकारी खात्याने दिलेली मंजुरी. करारावर 'कोन्त्रातो दे लिसेन्सिआ' असं शीर्षक दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं, एकतर हा परवान्याचा कागद आहे, नाहीतर सॉफ्टवेअर किंवा ट्रेडमार्क वापरण्याचा करार. 'लिव्ह'चं भाषांतर सुट्टी किंवा निघून जाणं या अर्थाने केलेलेही नमुने सापडतात. मूळ जोडीतला 'लिव्ह' म्हणजे अनुमती. दोन्ही शब्द जवळपास एकाच अर्थाचे आहेत, त्यामुळे त्यांची वेगवेगळी भाषांतरं करायची गरजच नाही.

मग सरळ 'आर्रेन्दामिएन्तो', म्हणजे भाडेकरार, लिहिलं तर?

सर्वाधिक भाषांतरांत हेच केलेलं असतं, आणि सर्वाधिक गोंधळही इथेच होतो. हा प्रश्न नीट समजला की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आपल्याकडे लीज आणि लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लीजची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०५ मध्ये आहे. तिच्यात जागेचा उपभोग घेण्याचा हक्कच हस्तांतरित होतो. लायसन्सची व्याख्या त्याच वर्षीच्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे. तिथे फक्त परवानगी मिळते, मालमत्तेत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. पुण्याचा घरमालक लीज टाळून लिव्ह अँड लायसन्स करतो तो याच कारणाने. मुदत संपली की राहणाऱ्याला 'मी भाडेकरू आहे' असं म्हणून भाडेनियंत्रणाचं संरक्षण मागता येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

स्पॅनिश कायद्यात असे दोन कप्पे नाहीत. स्पेनच्या नागरी संहितेच्या कलम १५४३ प्रमाणे ठरावीक काळासाठी, ठरावीक किमतीला एखादी वस्तू वापरायला दिली की ते 'आर्रेन्दामिएन्तो'. आपला बाणेरचा करार या व्याख्येत चपखल बसतो. त्यामुळे 'आर्रेन्दामिएन्तो' वाचणारा स्पॅनिश वकील चुकत नसतो. तो आपल्या कायद्याप्रमाणे बरोबरच वाचतो. पण तो शब्द वाचताच त्याच्या मनात १९९४ चा शहरी भाडेकरार कायदा (क्रमांक २९/१९९४) उघडतो. त्या कायद्यात राहत्या घराच्या भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत करार वाढवून घेता येतो, आणि मालक कंपनी असेल तर सात वर्षांपर्यंत. म्हणजे जे संरक्षण टाळायला मूळ करार लायसन्सच्या रूपात केला, तेच भाषांतराच्या शीर्षकातून सुचवलं जातं.

बाणेरच्या फ्लॅटला स्पेनचा कायदा अर्थातच लागू होत नाही. पण मूळ कार्यालयातल्या माणसाने 'आर्रेन्दामिएन्तो' वाचून कर्मचाऱ्याला 'तुला पाच वर्षं कोणी काढू शकत नाही' असं कळवलं, तर अकराव्या महिन्यात वाद इथे पुण्यात होतो.

एक गोष्ट लक्षात असू द्या. नुसत्या नावावर आपली न्यायालयंही विसंबत नाहीत. असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दस्ताला दिलेल्या नावापेक्षा त्यातलं सार पाहायचं. म्हणून भाषांतरकाराने मूळ दस्तात नसलेली बाजू घ्यायची नाही. मूळ दस्त स्वतःला लायसन्स म्हणवतो, एवढं वाचणाऱ्यापर्यंत पोचवायचं. तो खरोखर लायसन्स आहे की नाही हे ठरवणं भाषांतरकाराचं काम नव्हे.

नेमकं शीर्षक काय द्यावं?

'कोन्त्रातो दे सेसिओन तेम्पोराल दे उसो दे विविएन्दा'. अर्थ, राहत्या जागेचा वापर तात्पुरता देण्याचा करार. 'सेसिओन दे उसो' हा शब्दप्रयोग स्पॅनिश वकिलाला परिचित आहे, पण भाडेकरार कायद्याला बांधलेला नाही. शीर्षकाखाली 'लिव्ह अँड लायसन्स' हे मूळ नाव तिरक्या अक्षरांत जसंच्या तसं ठेवायचं आणि तिथेच भाषांतरकाराची पहिली टीप द्यायची.

टीप तीन वाक्यांची पुरते: हा करार भारतीय कायद्यातल्या अशा प्रकाराचा आहे ज्यात मालमत्तेत कोणताही हक्क हस्तांतरित होत नाही, स्पॅनिश कायद्यात त्याला तंतोतंत समांतर प्रकार नाही, म्हणून 'आर्रेन्दामिएन्तो' हा शब्द मुद्दाम टाळला आहे. कायद्यांची नावं नि कलमं टीपेत ओतू नका. वाचणारा ती तपासणार नाही, आणि एखादं कलम चुकलं तर सगळ्याच भाषांतरावरचा विश्वास उडतो.

करारातलं 'कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही' हे वाक्य असं येतं: 'एल प्रेसेन्ते कोन्त्रातो नो त्रान्समिते आल लिसेन्सिआतारिओ देरेचो रेआल आल्गुनो सोब्रे एल इन्मुएब्ले.' यातलं 'देरेचो रेआल' म्हणजे वस्तूवरचा, सगळ्या जगाविरुद्ध चालणारा हक्क. इंग्रजीतल्या 'इंटरेस्ट'साठी 'इन्तेरेस' लिहिणं चूक आहे. त्याचा अर्थ पैशावरचं व्याज किंवा नुसती आस्था असा होतो.

'कोमोदातो' किंवा 'प्रेकारिओ' हे शब्द सुचवले जातात. ते चालतील का?

नाही. दोन्ही फुकट वापराचे प्रकार आहेत. 'कोमोदातो' म्हणजे मोबदला न घेता वापरायला देणं. 'प्रेकारिओ'त मालक मनात येईल तेव्हा जागा परत मागू शकतो, एवढ्यावरून तो लायसन्ससारखा वाटतो. पण पैसे न देता राहणाऱ्यालाच तो शब्द लागतो. दरमहा ३२,००० मोजणाऱ्याला 'प्रेकारिस्ता' म्हणणं म्हणजे तो फुकट्या आहे असं लिहून देणं.

लायसेन्सर आणि लायसेन्सी यांना काय म्हणायचं?

'लिसेन्सिआन्ते' आणि 'लिसेन्सिआतारिओ'. हे शब्द ट्रेडमार्कच्या करारांतून आलेले आहेत आणि घराच्या करारात थोडे परके वाटतात. तो परकेपणाच इथे कामाचा, कारण वाचणारा थांबून टीप वाचतो. शीर्षकात 'सेसिओन' आहे म्हणून 'सेसिओनारिओ' लिहायचा मोह होतो. तो आवरा; स्पॅनिश भाडेकरार कायद्यात तो शब्द मूळ भाडेकरूकडून करार पुढे घेणाऱ्यासाठी येतो, म्हणजे पोटभाडेकरूच्या शेजारचा माणूस.

लायसेन्सरला 'प्रोपिएतारिओ', म्हणजे मालक, करून टाकू नका. बऱ्याच करारांवर मालकाच्या वतीने कुलमुखत्यारधारक सही करतो, आणि कधी लायसेन्सर सहमालकांपैकी एकच असतो.

दरमहाच्या रकमेला 'रेन्ता' म्हटलं की पुन्हा भाडेकरार आला. 'कोन्त्राप्रेस्तासिओन मेन्सुआल पोर एल उसो', म्हणजे वापराचा मासिक मोबदला, हे लांब असलं तरी नेमकं आहे. पहिल्यांदा पूर्ण लिहून पुढे नुसतं 'कोन्त्राप्रेस्तासिओन' पुरतं.

डिपॉझिटसाठी 'फिआन्सा' बरोबर ना?

स्पेनमध्ये बोलताना बरोबर, या भाषांतरात नाही. दोन कारणं आहेत.

पहिलं, स्पेनच्या कायद्यात राहत्या घराची 'फिआन्सा' म्हणजे नेमकं एका महिन्याचं भाडं. ती अनिवार्य असते, आणि स्वायत्त प्रांतांनी तशी तरतूद केली असेल तिथे मालकाने ती प्रांताच्या संस्थेकडे जमा करायची असते. त्याशिवाय, पाच वर्षांपर्यंतच्या करारात जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं अतिरिक्त तारण घेता येतं. आता आपलं उदाहरण पाहा. १,२०,००० भागिले ३२,००० म्हणजे पावणेचार महिने. 'फिआन्सा' असं लिहिलेलं वाचून माद्रिदचा लेखापाल विचारणार की हे तीन महिन्यांच्या वर कसं गेलं आणि रक्कम कोणत्या संस्थेकडे जमा आहे. पुण्यात ती मालकाच्या बँक खात्यात असते.

दुसरं, स्पॅनिश नागरी कायद्यात 'फिआन्सा'चा मूळ अर्थ जामीनकी, म्हणजे दुसऱ्याचं देणं आपण फेडू अशी हमी. मेक्सिकोत हा शब्द कंपनीने दिलेल्या हमीपत्रासाठी रोजच्या वापरात आहे. तिथे 'फिआन्सा' वाचणाऱ्याला रोख रक्कम दिली आहे हेच कळणार नाही.

म्हणून 'दिपोसितो एन गारान्तीआ, रेएम्बोल्साब्ले इ सिन इन्तेरेसेस': तारणादाखल दिलेली, परत मिळणारी, बिनव्याजी रक्कम. 'बिनव्याजी' हा शब्द गाळू नका. स्पेनमध्ये चाव्या परत दिल्यानंतर एका महिन्यात 'फिआन्सा' परत झाली नाही तर तिच्यावर कायदेशीर व्याज सुरू होतं, त्यामुळे व्याजाबद्दल करार गप्प असेल तर वाचणारा आपला नियम मनात भरतो.

कोलंबियाच्या वाचकासाठी आणखी एक टीप लागते. तिथला २००३ चा कायदा ८२० राहत्या घरासाठी रोख डिपॉझिट घ्यायलाच मनाई करतो. पुण्यात ती चालू आणि कायदेशीर पद्धत आहे, एवढं एका ओळीत सांगितलं की पुढचा पत्रव्यवहार वाचतो.

११ महिन्यांची मुदत स्पॅनिश वाचकाला विचित्र वाटते. काही समजावून लिहायचं का?

करारात नाही. फक्त शब्द जपून निवडा. वर्षापेक्षा कमी मुदत दिसली की स्पॅनिश माणूस 'आर्रेन्दामिएन्तो दे तेम्पोरादा', म्हणजे हंगामी भाडेकरार, म्हणू लागतो. त्याचा अर्थ राहणाऱ्याचं कायमचं घर दुसरीकडे आहे आणि तो इथे काही तात्पुरत्या कारणाने आला आहे. मूळ करारात असं काही नसेल तर 'तेम्पोरादा' हा शब्द येता कामा नये. 'प्लासो दे ओन्से मेसेस', अकरा महिन्यांची मुदत, इतकंच.

कोणी विचारलंच तर: नोंदणी अधिनियमात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या लीजची नोंदणी सक्तीची आहे, आणि अकरा महिन्यांची सवय तिथून पडली. महाराष्ट्रात तिचा नोंदणी टाळण्यासाठी उपयोग नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी जागामालकाची.

लॉक-इन पीरियडला काय शब्द आहे?

एका शब्दात नाही. 'पेरिओदो दे पेर्मानेन्सिआ' म्हटलं तर अर्थ पोचतो, मोबाइल कंपन्यांच्या करारांमुळे स्पेनमध्ये तो सर्वांना ठाऊक आहे. पण त्यात बंधन फक्त ग्राहकावर असतं. पुण्याच्या करारांत कधी ते दोघांवर असतं, कधी एकट्या राहणाऱ्यावर. म्हणून आधी मूळ कलम वाचून बंधन कोणावर ते ठरवा आणि भाषांतरात कर्ता स्पष्ट लिहा: 'निन्गुना दे लास पार्तेस', दोघांपैकी कोणीही नाही, किंवा 'एल लिसेन्सिआतारिओ नो', लायसेन्सीने नाही. मूळ वाक्यच मोघम असेल तर भाषांतरही मोघम ठेवा आणि टीप द्या.

इथे एक योगायोग घात करतो. स्पेनच्या कायद्यात भाडेकरूला सहा महिने झाल्यावर ३० दिवसांची सूचना देऊन करार सोडता येतो. आपल्या उदाहरणातही सहा महिने आणि एक महिना आहेत. वाचणाऱ्याला वाटतं हा तोच नियम, आणि मग तो गृहीत धरतो की आधी सोडल्यास नुकसानभरपाईही तिथल्या हिशेबाने होईल: उरलेल्या प्रत्येक वर्षामागे एका महिन्याचं भाडं, अपुऱ्या वर्षाला त्या प्रमाणात. पुण्याच्या करारात बहुधा लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांची पूर्ण रक्कम मागितलेली असते. चौथ्या महिन्याच्या अखेरीस घर सोडलं तर उरलेले दोन महिने, म्हणजे ६४,००० रुपये. कलमात सूत्र असेल तर ते आकड्यासह जसंच्या तसं आणा.

'मेंटेनन्स मालक भरेल' या वाक्यात अवघड काय आहे?

'मान्तेनिमिएन्तो आ कार्गो देल प्रोपिएतारिओ' लिहिलं तर अर्थ होतो, घराच्या दुरुस्त्या मालक करेल. नळ गळला, गीझर बिघडला, की राहणारा हे वाक्य पुढे करणार. पुण्यात 'मेंटेनन्स' म्हणजे सोसायटीला दरमहा जाणारी वर्गणी: वॉचमन, लिफ्ट, पाणी, जिन्यातले दिवे. तिला स्पॅनिश शब्द 'गास्तोस दे कोमुनिदाद'. घरातल्या दुरुस्तीसाठी 'रेपारासिओनेस' हा वेगळा शब्द आहे आणि तो वेगळ्याच कलमात असायला हवा.

'सोसायटी'ला 'सोसिएदाद' करू नका, ती कंपनी होते. 'कोमुनिदाद दे प्रोपिएतारिओस' जवळचा आहे, पण आपल्याकडच्या अपार्टमेंट असोसिएशनला तो जास्त शोभतो, कारण तिथे फ्लॅटधारक थेट मालक असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत माणूस सभासद आणि भागधारक असतो. तिच्यासाठी 'कोओपेरातिवा दे विविएन्दास' असं लिहून, ती आता इमारतीची व्यवस्था पाहते असं टीपेत सांगावं. नाहीतर स्पेनमध्ये हा शब्द वाचून घर अजून बांधायचं आहे असा समज होतो, कारण तिथे अशा संस्था मुख्यतः घरं बांधण्यासाठी स्थापन होतात.

'नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस'ला समांतर शब्द नाहीच. सभासदाने स्वतः न राहता फ्लॅट दुसऱ्याला दिला म्हणून सहकारी संस्था हा आकार घेते. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशानुसार तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. 'रेकार्गो पोर नो रेसिदिर एल सोसिओ एन ला विविएन्दा', म्हणजे सभासद स्वतः न राहिल्याबद्दलचा अधिभार, असं उलगडून लिहा. हा आकार राहणाऱ्यावरचा दंड नाही हे त्यातून आपोआप कळतं.

'रजिस्टर्ड' आणि 'नोटराइज्ड' करारांत भाषांतराच्या दृष्टीने फरक पडतो का?

खूप. स्पेनचा 'नोतारिओ' हा मोठ्या अधिकाराचा कायदेतज्ज्ञ असतो. तो दस्त स्वतः तयार करतो, पक्षकारांना वाचून दाखवतो आणि त्याच्या 'एस्क्रितुरा पुब्लिका'ला पुराव्याचं खास वजन असतं. आपल्याकडचा नोटरी सही आणि ओळख प्रमाणित करतो. त्यामुळे नोटरीचा शिक्का असलेल्या कराराला 'एस्क्रितुरा पुब्लिका' म्हणणं म्हणजे कागदाची पत फुगवणं. 'दोकुमेन्तो प्रिवादो', खाजगी दस्त, आणि त्यावर 'नोटरी पब्लिक, भारत' यांचा शिक्का आहे असं वर्णन करा.

उलट, नोंदणीकृत कराराला 'रेखिस्त्रो दे ला प्रोपिएदाद' जोडू नका. ते मालकी हक्कांचं नोंदपुस्तक आहे. आपल्याकडे दुय्यम निबंधक दस्त नोंदतो. 'रेखिस्त्रो दे दोकुमेन्तोस' हे वर्णन पुरेसं आहे. सोबत इंडेक्स टूचंही भाषांतर करा, कारण दस्त क्रमांक आणि नोंदणीची तारीख त्यात एका पानावर असते.

मुद्रांक शुल्काला 'देरेचोस दे तिम्ब्रे' म्हणा आणि भरलेली रक्कम चलनावरून घ्या. ती बरोबर वाटते का याचा अंदाज हवा असेल तर हिशेब असा: ११ महिन्यांचे ३,५२,००० रुपये, त्यात डिपॉझिटवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेलं ११ महिन्यांचं व्याज ११,०००, एकूण ३,६३,०००, त्याच्या ०.२५ टक्के, ९०७ रुपये ५० पैसे. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ती वेगळी. चलनावर काही शेच्या ऐवजी काही हजार दिसले, तर शून्य वाचताना चूक झाली आहे का ते आधी तपासा.

'वारस, एक्झिक्युटर्स, अॅडमिनिस्ट्रेटर्स अँड असाइन्स' ही ओळ कशी करायची?

एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, त्याला 'आल्बासेआ' हा नेमका शब्द आहे. 'अॅडमिनिस्ट्रेटर' मात्र धोक्याचा. मृत्युपत्र नसताना न्यायालयाने मालमत्तेच्या कारभारासाठी नेमलेला माणूस असा त्याचा अर्थ. नुसतं 'आद्मिनिस्त्रादोर' लिहिलं की कंपनीचा संचालक किंवा इमारतीचा व्यवस्थापक डोळ्यांपुढे येतो. 'आद्मिनिस्त्रादोर दे ला एरेन्सिआ', वारशाचा कारभारी, असं पूर्ण लिहा. या ओळीत असाइन्ससाठी 'सेसिओनारिओस' चालतो, कारण इथे हक्क पुढे घेणारा हाच अर्थ आहे.

मुदत संपूनही घर न सोडल्यास दुप्पट रक्कम, हे कलम दंड म्हणून भाषांतरित करायचं का?

करारातलं हे कलम बहुधा भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ वरून घेतलेलं असतं. त्यात लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई आहे. 'इन्देम्निसासिओन', भरपाई, लिहा. 'पेनालिसासिओन' लिहिलं की स्पॅनिश वकील तिला पक्षकारांनी ठरवलेला दंड समजतो आणि न्यायाधीश तो कमी करू शकेल असं धरून चालतो. आपल्या उदाहरणात ही रक्कम महिन्याला ६४,००० होते.

ताबा घेण्यासाठी मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. त्याला 'देसाउसिओ' म्हणू नका. ते स्पेनच्या न्यायालयातल्या विशिष्ट दाव्याचं नाव आहे. 'सोलिसितुद दे रेकुपेरासिओन दे ला पोसेसिओन', ताबा परत मिळवण्याचा अर्ज, चालेल. 'रिकामा आणि निर्वेध ताबा' याला मात्र तयार, जुना स्पॅनिश साचा आहे: 'लिब्रे, वाकुआ इ एक्स्पेदीता'. असं नेमकं काही क्वचितच मिळतं, तेव्हा खुशाल वापरा.

रकमा कशा लिहायच्या?

लाखाचा स्वल्पविराम तसाच ठेवला तर घोटाळा होतो. १,२०,००० हे स्पेनसाठी तीन-तीन अंकांच्या गटात, पूर्णविराम देऊन लिहा. मेक्सिकोत त्याच जागी स्वल्पविराम येतो. अक्षरी रक्कम 'सिएन्तो वेइन्ते मिल रुपिआस'. 'लाख' हा शब्द आणू नका आणि युरोतला भाव कंसातही देऊ नका. तो करारात नाही आणि रोज बदलतो.

लॅटिन अमेरिकेसाठी वेगळं भाषांतर लागतं का?

वर सांगितलेले बहुतेक पर्याय मुद्दाम तटस्थ आहेत, त्यामुळे मजकूर तोच चालतो. फरक मुख्यतः टीपांत पडतो. अर्जेंटिनात भाडेकराराला 'लोकासिओन' म्हणतात, चिलीत 'आर्रिएन्दो', म्हणजे 'तो शब्द मुद्दाम टाळला आहे' या टीपेत त्या त्या देशाचा शब्द घालायचा. काम घेण्याआधी कागद कोणत्या देशात वाचला जाणार हे लेखी विचारून घ्या.

स्पेनमधल्या सरकारी कामासाठी असं भाषांतर चालेल का?

सहसा नाही. तिथे 'त्रादुक्सिओन खुरादा' मागतात, म्हणजे स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने मान्यता दिलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराचं, प्रमाणपत्र, सही आणि शिक्का असलेलं भाषांतर. भारतातल्या नोटरीपुढे केलेलं भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र त्याची जागा घेत नाही. अपोस्टिल, म्हणजे दस्त परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र, मागितला असेल तर क्रम जपा. आधी मूळ दस्ताचं राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण, मग आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, आणि सगळ्यात शेवटी भाषांतर, म्हणजे अपोस्टिलवरचा मजकूरही त्यात येतो. आधी भाषांतर करून घेतलं तर अपोस्टिलच्या भाषांतरासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात. मूळ करार मराठीत असेल आणि मराठीतून थेट स्पॅनिश करणारा शपथबद्ध भाषांतरकार मिळत नसेल, तर मधली इंग्रजी पायरी घ्यायला चालेल का हे कागद मागणाऱ्या कार्यालयालाच आधी विचारा.

स्पॅनिश येत नाही. आलेलं भाषांतर तपासायचं कसं?

आधी कलमं मोजा. मूळ दस्तात बावीस असतील तर तिथेही बावीसच हवीत, दोन जोडून एक केलेलं नको. मग सगळे आकडे, तारखा, फ्लॅट क्रमांक, पॅन आणि पासपोर्ट क्रमांक बोटाने ताडून पाहा. त्यानंतर 'आर्रेन्दामिएन्तो', 'फिआन्सा', 'रेन्ता', 'सोसिएदाद' आणि 'मान्तेनिमिएन्तो' हे पाच शब्द फाइलमध्ये शोधा. टीपेबाहेर कुठे सापडले तर तेवढ्या ओळींवर खूण करून भाषांतरकाराला कारण विचारा. शेवटी राहणाऱ्या व्यक्तीला तीन प्रश्न विचारा: सहा महिन्यांच्या आत घर सोडलं तर किती द्यावे लागतील, गीझर कोण दुरुस्त करणार, आणि डिपॉझिट आत्ता कोणाकडे आहे. स्पॅनिश प्रत वाचून त्याने दिलेलं उत्तर मूळ करारापेक्षा वेगळं आलं, तर त्या कलमाचं भाषांतर परत पाठवा.